मशीन घाटीत हवं, इंजेक्शन सिल्लोडात हवं

पोस्ट लांब आहे. पण जळगाव रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

आपल्याकडच्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं. 'अतिरक्तस्राव झाल्याने उपचारादरम्यान मृत्यू झाला.' आम्ही ते लिहितो, तुम्ही वाचता आणि पुढच्या बातमीकडे वळता. पण या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. एक म्हणजे रक्तवाहिनी फाटली आणि रक्त वाहिलं. दुसरी म्हणजे वाहणारं रक्त गोठायचं बंद झालं. पहिलीवर इलाज सर्जनच्या हातात असतो, म्हणजे टाका घालणं, बांधणं, दाबून धरणं. दुसरीवर टाक्याचा उपयोग नाही. तिथे रक्तातलं नेमकं काय कमी पडलंय ते शोधून तेच भरावं लागतं.

ही दुसरी गोष्ट दुर्मीळ आहे असं समजू नका. लंडनच्या डॉ. करीम ब्रोही यांच्या गटाने २००३ मध्ये हजारावर जखमींच्या नोंदी तपासल्या. दवाखान्यात पोहोचले त्या क्षणीच साधारण चौघांपैकी एकाचं रक्त नीट गोठत नव्हतं. सलाइन चढवून रक्त पातळ झालं म्हणून नव्हे, तर मारामुळेच. आणि ज्यांचं गोठत नव्हतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बाकीच्यांच्या चौपट होतं.

रक्त गोठतंय की नाही, गोठलं तर किती घट्ट, आणि गोठलेलं टिकतंय की विरघळतंय, हे पडद्यावर घडताना दाखवणारी चाचणी आज उपलब्ध आहे. थ्रोम्बोइलास्टोग्राफी, म्हणजे टीईजी, आणि तिचीच बहीण रोटेम. मुंबई-पुण्यात यकृत प्रत्यारोपण किंवा हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या रुग्णालयांना ती नवीन नाही. आपल्याकडे कुठल्याही अपघाताच्या पोस्टखाली एक कमेंट हमखास असते, 'सिल्लोडला असं आधुनिक मशीन कधी येणार?' त्या कमेंटला माझं हे उत्तर आहे. हे मशीन हवंच, पण ते घाटीत हवं. सिल्लोडला त्याआधी दुसऱ्या काही गोष्टी हव्यात, मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त. का, ते सांगतो.

आधी चाचणी समजून घेऊ, आणि त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ. आपण दही लावतो. विरजण घातल्यावर तीन गोष्टी घडतात. काही वेळ काहीच होत नाही, मग दूध धरायला लागतं. त्यानंतर ते हळूहळू घट्ट होतं, कधी सुरीने कापावं असं, कधी नुसतं लिबलिबीत. आणि शेवटी, जास्त वेळ राहिलं की पाणी सुटतं. रक्ताचंही असंच आहे. आधी काही मिनिटं शांतता, मग गुठळी धरायला सुरुवात, मग तिचा घट्टपणा, आणि नंतर शरीर स्वतःच ती गुठळी विरघळवायला लागतं.

आता आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये काय होतं ते बघा. पीटी-आयएनआर नावाचा रिपोर्ट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात, ती नळी यंत्रात गरगर फिरवून लाल पेशी आणि प्लेटलेट खाली बसवतात, वरचा पिवळा द्रव म्हणजे प्लाझ्मा घेतात, त्यात रसायन घालतात आणि पहिला धागा किती सेकंदांत तयार झाला ते मोजतात. तिथे चाचणी संपते. म्हणजे दूध धरायला कधी लागलं एवढंच कळलं. दही घट्ट झालं का? माहीत नाही. पाणी सुटलं का? माहीत नाही. शिवाय गुठळीला बळ देणाऱ्या प्लेटलेट तर आधीच बाजूला काढलेल्या. आयएनआर हा आकडा मुळात रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस ठरवण्यासाठी आणला गेला आणि त्या कामाला तो उत्तम आहे. पण ऑपरेशन टेबलवर रक्त वाहत असलेल्या माणसासाठी तो बनलेला नाही. त्यात नमुना लॅबपर्यंत नेणं, फिरवणं, मोजणं, रिपोर्ट परत आणणं, यात पाऊण तास-तास सहज जातो. तोवर त्या माणसाला चार पिशव्या चढलेल्या असतात. हातात आलेला रिपोर्ट तासाभरापूर्वीच्या रक्ताचा असतो.

टीईजीची कल्पना जुनी आहे. १९४८ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गला हेल्मुट हार्टर्ट यांनी ती मांडली. एक छोटा कप, त्यात अख्खं रक्त, लाल पेशी-प्लेटलेट सगळं असलेलं. साधारण पाव-अर्धा चमचासुद्धा नाही, ०.३६ मिलिलिटर. कप शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर ठेवतात. त्यात एक पिन लटकत असते, बारीक तारेला बांधलेली. कप जागच्या जागी थोडासा डावीकडे-उजवीकडे हलत राहतो. रक्त पातळ असेतो कप हलतो, पिन स्तब्ध. गुठळी धरायला लागली की तिचे धागे कप आणि पिन यांना जोडतात आणि कपाबरोबर पिनही हलू लागते. गुठळी जितकी घट्ट, तितकी पिन जास्त हलते. ती हालचाल कागदावर किंवा पडद्यावर रेषा काढते. रोटेममध्ये कप स्थिर असतो आणि पिन फिरते, तत्त्व तेच. नव्या मशीनमध्ये कप-पिन जाऊन बंद कार्ट्रिज आल्यात, तरी रेषेचा अर्थ बदललेला नाही.

रेषा कशी दिसते? सुरुवातीला एक सरळ दांडी. मग ती दुभंगते, वर एक खाली एक, आणि मधलं अंतर वाढत जातं. निरोगी माणसाची आकृती आडव्या धरलेल्या, दांडीच्या पेल्यासारखी दिसते. डॉक्टर त्यात चारच गोष्टी बघतात.

दांडी किती लांब? हा रक्त धरायला लागेपर्यंतचा वेळ, साधारण पाच ते दहा मिनिटं. फार लांबला तर गोठवणारे घटक कमी आहेत आणि प्लाझ्मा द्यायचा.

दुभंगताना रेषा किती झपाट्याने उघडते? हा कोन. तो चपटा असेल तर फायब्रिनोजेन कमी. फायब्रिनोजेन म्हणजे गुठळीचं सूत, ज्याचे धागे विणले जातात ते प्रथिन.

पेला किती रुंद? हा घट्टपणा, साधारण ५० ते ७० मिलिमीटर. अरुंद असेल तर प्लेटलेट कमी किंवा फायब्रिनोजेन कमी. रोटेममध्ये प्लेटलेटचं काम बंद करून केवळ फायब्रिनोजेनचा जोर मोजणारी वेगळी चाचणी असते. त्यामुळे दोघांतला दोषी कोण ते वेगळं काढता येतं.

आणि शेवटी, पेला तसाच राहतो की मिटत जातो? आकृती रताळ्यासारखी दोन्हीकडे निमुळती झाली, तर गुठळी बनते आहे पण विरघळते आहे. पाणी सुटतंय. तिथे ट्रॅनेक्झामिक अॅसिड नावाचं इंजेक्शन लागतं, जे गुठळी विरघळू देत नाही.

पहिला उपयोगी अंदाज यायला साधारण दहा मिनिटं पुरतात. पूर्ण आकृतीला अर्धा-पाऊण तास लागतो, पण ती पडद्यावर तयार होताना दिसत असते, त्यामुळे शेवटापर्यंत थांबावं लागत नाही.

आता हे आपल्या रस्त्यावर आणू. पुढचं उदाहरण मी समजावण्यासाठी रचलंय, कुठल्याही एका रुग्णाचं नाही. पण अंतरं आणि वेळा आपल्याच आहेत.

रात्री आठ वाजता अजिंठा घाटाच्या जवळ मोटारसायकलला ट्रकची धडक बसली. तिशीतला तरुण, कमरेचं हाड मोडलेलं, बाहेर फारसं रक्त नाही. पण मोडलेल्या कमरेच्या आत दोन-तीन लिटर रक्त साचू शकतं आणि वरून दिसत नाही. १०८ ला फोन, गाडी येणं, तीसेक किलोमीटर सिल्लोड. आठ पन्नासला तो आपल्या उपजिल्हा रुग्णालयात. नाडी वेगात, बीपी ८०, हातपाय थंड. सलाइन, रेफर चिठ्ठी, साडेनऊला गाडी निघाली. पुढे पासष्ट किलोमीटर, फुलंब्री, शहरातली गर्दी. अकरा वाजता घाटी.

तिथे मशीन आहे असं धरू. नमुना लावला. दांडी सात मिनिटांची, म्हणजे ठीक. कोन मात्र चपटा. पेला ४२ मिलिमीटर, अरुंद. आणि अर्ध्या तासात तो ११ टक्के मिटलेला. मशीन काय म्हणालं? प्लाझ्माची घाई नाही. सूत संपलंय, आणि जे विणलं जातंय ते उसवतंय. म्हणजे आधी क्रायोप्रेसिपिटेट द्या. हा प्लाझ्मातून वेगळा काढलेला, फायब्रिनोजेन दाट असलेला घटक असतो, मोठ्या माणसाला साधारण दहा पिशव्या लागतात. मशीन नसतं तर काय झालं असतं? आयएनआर बघून चार पिशव्या प्लाझ्मा चढला असता. प्लाझ्मात फायब्रिनोजेन असतं, पण विरळ. पाण्याच्या टाकीत दोन चमचे साखर टाकल्यासारखं. रक्ताचं प्रमाण वाढलं असतं, गुठळी तितकीच लेचीपेची राहिली असती.

क्रायो दिल्यावर पुन्हा नमुना लावला, पेला ५५ वर आला. तरीही बीपी घसरतंय. आता मशीन सगळ्यात मोलाची गोष्ट सांगतंय, की रक्ताचा दोष उरलेला नाही, आत कुठेतरी वाहिनी उघडी आहे, रक्तपिशव्या मागवत बसू नका, सर्जनला बोलवा. आलेख चांगला आणि तरी रक्त वाहतंय, याचा अर्थ टाका हवा. नातेवाइकांनी 'रक्ताची सोय करा' हे ऐकून रात्रभर धावायचं की पेशंटला ऑपरेशनला आत न्यायचं, हा निर्णय त्या रेषेवर होऊ शकतो.

पण या कथेत अजून एक गोष्ट आहे, आणि माझा सगळा मुद्दा तिथे आहे. गुठळी विरघळतेय हे मशीनने अकराला सांगितलं. अपघात आठचा. तीन तास झाले.

ट्रॅनेक्झामिक अॅसिडवर क्रॅश-२ नावाचा अभ्यास झाला. ४० देश, वीस हजारांवर जखमी, भारतातली रुग्णालयंही त्यात होती. २०१० मध्ये निकाल आला की या इंजेक्शनने मृत्यू कमी होतात. दुसऱ्या वर्षी त्याच आकड्यांतून वेळेचा हिशोब निघाला. जखम झाल्यापासून तासाभरात इंजेक्शन मिळालेल्यांत रक्तस्रावाने मेलेले ५.३ टक्के, न मिळालेल्यांत ७.७ टक्के. एक ते तीन तासांत दिलं तर फायदा कमी झाला, पण राहिला. आणि तीन तासांनंतर दिलं तर उलटं झालं. इंजेक्शन मिळालेल्यांत ४.४ टक्के, न मिळालेल्यांत ३.१ टक्के. म्हणजे तेच औषध आठ पन्नासला तारणारं आणि अकरानंतर धोक्याचं ठरू शकतं.

त्या मुलाला हे इंजेक्शन सिल्लोडला मिळायला हवं होतं. डोस एक ग्रॅम, दहा मिनिटांत शिरेतून. मग आणखी एक ग्रॅम, आठ तासांत सावकाश. त्याला मशीन लागत नाही, लॅब लागत नाही, फ्रीज लागत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन अँप्युल. हे औषध देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावरही तेच वापरतात, आणि तिथेही तीन तासांचीच मर्यादा सांगितलेली आहे. (हे डॉक्टरांनी द्यायचं औषध आहे. मेडिकलमधून आणून घरी टोचायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.)

म्हणून म्हणतो, मशीन सिल्लोडला मागू नका. मशीन फक्त प्रश्नाचं उत्तर देतं, इलाज देत नाही. ते म्हणणार, 'क्रायो द्या.' तालुक्याच्या रक्त साठवणूक केंद्रात बहुधा लाल पेशींच्या पिशव्या असतात. क्रायो उणे तापमानाच्या फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं आणि ते वेगळं काढायला घटक विलगीकरण करणारी रक्तपेढी लागते. ज्या दुकानात माल नाही तिथे यादी घेऊन काय करणार? उलट धोका असा, की मशीन आहे म्हणून अर्धा तास आलेख बघण्यात जाईल आणि गाडी साडेनऊऐवजी दहाला निघेल.

शिवाय मशीन सांभाळणं सोपं नाही. जुन्या पद्धतीच्या कप-पिन मशीनला टेबल सपाट आणि न हादरणारं लागतं. रक्त अचूक मापाने सोडावं लागतं. बुडबुडा राहिला की रेषा बिघडते. ज्या नळीतून हेपॅरिन गेलंय तिथून नमुना घेतला तर दांडी उगाच लांबते आणि रक्तात दोष आहे असं वाटतं. मग हेपॅरिन निष्प्रभ करणाऱ्या दुसऱ्या कपात तोच नमुना लावून बघावा लागतो. दोन आलेखांत फरक पडला की समजायचं, दोष माणसाचा नाही, नळीचा. प्रत्येक चाचणीला नवा कप किंवा नवी कार्ट्रिज, त्याच कंपनीची, एक्स्पायरी डेट असलेली. मशीन एकदा येतं, हा खर्च रोज येतो. फीत कापायला सगळे असतात, दुसऱ्या वर्षीच्या कार्ट्रिजची फाईल पुढे सरकवायला कोण असतं, ते आपण सगळे जाणतो.

आणि मशीनला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. त्या माहीत नसतील तर छान आलेख फसवतो. मशीन रक्त ३७ अंशांवर गरम करून तपासतं. तो मुलगा मात्र डिसेंबरच्या रात्री ओल्या कपड्यांत, एसी गाडीतून, थंड सलाइन घेत आलेला असतो. त्याचं अंग ३३ अंशांवर असेल तर त्याच्या शरीरात गुठळी धरत नसते, आणि कपात मात्र धरते. थंडीत दही लागत नाही हे आपल्याला आजीने शिकवलंय, इथेही तेच. कॅल्शियमचंही तसंच. नमुन्यात चाचणीवेळी कॅल्शियम वरून घातलेलं असतं, म्हणून पेशंटचं कमी झालेलं कॅल्शियम आलेखात दिसत नाही. खूप पिशव्या चढल्या की ते कमी होतं, आणि ते वेगळं मोजावं लागतं. रोजची अॅस्पिरिन खाणाऱ्या माणसाच्या प्लेटलेट कमजोर असतात, तेही साध्या आलेखात दिसत नाही. त्यासाठी घरच्यांनी सांगावं लागतं. तुमच्या वडिलांना हृदयाची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आता कुणी म्हणेल, मग मशीनचा एवढा उदो-उदो कशाला? त्याचंही प्रामाणिक उत्तर देतो. अमेरिकेत डेन्व्हरला १११ जखमींवर अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. नेहमीच्या चाचण्या बघून रक्त दिलं त्या गटात २८ दिवसांत ३६ टक्के दगावले, टीईजी बघून दिलं त्या गटात २० टक्के. फरक मोठा. पण नंतर युरोपात सुमारे चारशे जखमींवर मोठा अभ्यास झाला, इटॅक्टिक नावाचा. तिथे मुख्य निकालात फरकच पडला नाही. चोवीस तासांनी जिवंत आणि फार रक्त न लागलेले, एका गटात ६७ टक्के, दुसऱ्यात ६४. मला या दुसऱ्या अभ्यासातून मशीन निरुपयोगी आहे असं दिसत नाही. मला दिसतं ते असं, की त्या दवाखान्यांत दोन्ही गटांना आधीपासूनच रक्ताचे सगळे घटक योग्य प्रमाणात आणि ट्रॅनेक्झामिक अॅसिड मिळत होतं. पाया पक्का असेल तर वरचा मजला थोडाच फरक पाडतो. आपल्याकडे पाया घालायचा बाकी असताना आपण वरचा मजला मागतोय.

तोच पाया सिल्लोडात कसा दिसेल? जखमी आल्यावर कमरेच्या मोडीला मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकांच्या पातळीवर चादर घट्ट आवळणं. पोटावर नाही, खुब्यावर. ओले कपडे काढून ब्लँकेट, शक्य तर कोमट सलाइन. डोक्याला मार नसेल तर बीपी १२० वर आणायच्या नादात लिटरवर लिटर सलाइन न ओतणं. रक्त थांबेपर्यंत वरचं बीपी ८०-९० पुरतं असं मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि जादा सलाइन उरलंसुरलं सूतही पातळ करतं. मग ट्रॅनेक्झामिक अॅसिड. आणि रेफर चिठ्ठीवर ठळक दोन वेळा, जखम किती वाजता झाली आणि इंजेक्शन किती वाजता दिलं. या दोन वेळा नसतील तर अकरा वाजता घाटीतल्या डॉक्टरने पुढचा डोस द्यायचा की नाही हे कशावरून ठरवायचं?

एक गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना माहीत असेल. घोणस किंवा फुरसं चावलं की दवाखान्यात काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात, मग एकदा तिरकं करून बघतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विषाने गोठणं बंद पाडलंय, लस द्या. सरकारच्या सर्पदंश उपचार सूचनांत ही चाचणी आहे. टीईजीची ही गरीब बहीणच म्हणा, डोळ्यांनी बघायची. नळी प्लॅस्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही. अपघातात मात्र या नळीवर भरवसा ठेवू नये. फायब्रिनोजेन जवळजवळ संपल्यावरच ती बोलते, आणि जखमीला तितका वेळ नसतो. नळीत रक्त गोठलं म्हणजे सगळं ठीक, असं तिथे समजायचं नाही. सापाला जी चाचणी पुरते ती ट्रकला पुरत नाही, म्हणून तर मोठ्या दवाखान्यात मशीन लागतं.

घाटीची बाजूही लक्षात घ्या. मराठवाड्यातल्या कितीतरी तालुक्यांचे जखमी शेवटी तिथेच येतात. मशीनचा उपयोग तिथेच आहे, कारण रोज वापर झाला तरच हात बसतो, कार्ट्रिज मुदतीआधी संपते आणि रेषा वाचणारा डॉक्टर तयार होतो. महिन्यातून दोनदा चालणारं मशीन कुणालाच नीट चालवता येत नाही. अपघात विभाग, ऑपरेशन थिएटर, प्रसूती विभाग आणि रक्तपेढी, चौघांना मिळून एक मशीन, चोवीस तास, असा हिशोब बसतो.

तेव्हा पुढच्या वेळी आमदार, खासदार, आरोग्य अधिकारी, कुणीही आरोग्यावर बोलायला उभं राहिलं की टाळ्यांऐवजी हे प्रश्न विचारा. एक, सिल्लोडच्या अपघात विभागात आत्ता, या मिनिटाला, ट्रॅनेक्झामिक अॅसिडच्या किती अँप्युल आहेत, आणि १०८ च्या गाडीत किती? दोन, मागच्या महिन्यात रेफर झालेल्या जखमींपैकी किती जणांच्या चिठ्ठीवर इंजेक्शनची वेळ आहे? तीन, घाटीत रात्री दोन वाजता रक्त गोठण्याची चाचणी किती मिनिटांत मिळते, आणि क्रायो किती मिनिटांत? चार, मशीन घ्यायचं असेल तर मशीनच्या किमतीबरोबर तीन वर्षांच्या कार्ट्रिजचा आणि रात्रपाळीच्या तंत्रज्ञाचा खर्च त्याच कागदावर मंजूर आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांना निधी, टेंडर, जागा, काहीच लागत नाही. एक पत्रक आणि दोन अँप्युल लागतात. ते काम या महिन्यात होऊ शकतं. उपजिल्हा रुग्णालयात पहिला प्रश्न मी या आठवड्यात लेखी देतोय, उत्तर आलं की इथेच टाकतो. दुसऱ्या तालुक्यांतल्या मित्रांनी आपापल्या ठिकाणी विचारून कमेंटमध्ये लिहा. नर्सताई, डॉक्टर मंडळी, १०८ वरचे भाऊ, तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा, नाव न घालता छापीन.